उन्हात उभ्या गाडीतला होल्डर: पीईटीजी कुठे पुरतं आणि एएसए कुठे लागतं

प्रश्न: "बडोद्यात राहतो. पीएलएमध्ये डॅशबोर्डवर लावायचा मोबाइल होल्डर थ्रीडी प्रिंट केला होता. ऑफिसच्या उघड्या पार्किंगमध्ये गाडी दुपारभर उभी होती, संध्याकाळी पाहतो तर होल्डरचा हात खाली वाकलेला. आता पीईटीजी घेऊ की एएसए? प्रिंटर उघड्या फ्रेमचा आहे, पेटी नाही. एएसए फार त्रास देतं असं सगळे म्हणतात. पीईटीजीने भागेल का?"

आधी थेट उत्तर देते. होल्डर डॅशबोर्डच्या वर, समोरच्या काचेजवळ बसणार असेल तर पीईटीजीने भागणार नाही, एएसए घ्या. एसीच्या जाळीवर किंवा खाली गिअरजवळ बसणार असेल तर पीईटीजी चालू शकतं, पण होल्डरची रचना थोडी बदलावी लागेल. काय बदलायचं ते पुढे सांगते, कारण माझ्या अनुभवात निम्मे होल्डर चुकीच्या फिलामेंटमुळे जातात आणि निम्मे चुकीच्या रचनेमुळे.

मी मकरपुरा जीआयडीसीत छोटं प्रिंटिंगचं काम करते. जास्त करून कारखान्यांसाठी जिग, फिक्स्चर आणि बाजारात न मिळणारे सुटे भाग बनवते. गाडीतल्या वस्तू दर उन्हाळ्यात येतातच, त्यामुळे हा प्रश्न माझ्या टेबलावर बऱ्याचदा येऊन गेला आहे.

पहिली गोष्ट, गाडीत "किती गरम होतं" याचं एकच उत्तर नसतं. आत बसलं की अंगाला लागते ती हवा वेगळी आणि डॅशबोर्डचा पृष्ठभाग वेगळा. अमेरिकेत अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी 2018 साली उन्हात आणि सावलीत उभ्या गाड्यांची मोजमापं प्रसिद्ध केली. बाहेर पारा 38 अंशांच्या वर असलेल्या दिवशी, उन्हात तासभर उभ्या गाडीतली हवा सरासरी 47 अंशांवर गेली, सीट 51 वर, स्टिअरिंग 53 वर, आणि डॅशबोर्ड 69 वर. तासाभरातच, आणि एकाच गाडीत. सावलीतल्या गाडीचा डॅशबोर्ड मात्र 48 च्या आसपास राहिला. म्हणजे होल्डर एक वीत खाली सरकवला, किंवा गाडी कडुलिंबाखाली लावली, की फिलामेंटचा अख्खा प्रश्नच बदलतो.

आपल्याकडे मे महिन्यात पारा 42-43 पर्यंत जातो आणि गाडी एक तास नाही, सकाळी साडेनऊपासून संध्याकाळी सहापर्यंत उभी असते. मागच्या उन्हाळ्यात मी माझ्याच गाडीत मोजलं. दुपारी तीनच्या सुमाराला काचेजवळ डॅशबोर्डवर 76 अंश, मधल्या एसीच्या जाळीवर 59, आणि गिअरजवळच्या कप्प्यात 53. गाडी पांढरी, आतलं प्लास्टिक काळं, काचेला पडदा नाही. तुमच्या गाडीत आकडे वेगळे येतील. काच किती तिरकी आहे, डॅशबोर्डचा रंग कोणता, गाडीचं तोंड कुठल्या दिशेला, यावर ते ठरतं.

म्हणून काहीही विकत घेण्याआधी एक दुपार मोजण्यात घालवा. स्वयंपाकघरात वापरतात तसा टोकदार दांडीचा डिजिटल थर्मामीटर घ्या. ज्या रंगाचा होल्डर करणार त्याच रंगाची प्लास्टिकची एक पट्टी होल्डरच्या जागी ठेवा, दांडीचं टोक तिच्यावर कागदी टेपने चिकटवा आणि टोकावर टेपचा आणखी एक तुकडा लावा, म्हणजे ऊन थेट दांडीवर पडणार नाही. दुपारी अडीच ते साडेतीन या वेळात जाऊन आकडा बघा. दार न उघडता काचेतून वाचता आला तर उत्तम, कारण दार उघडताच हवा बदलते आणि आकडा खाली येऊ लागतो. लेझरवाली तापमापक बंदूक असेल तर ती मॅट पृष्ठभागावरच वापरा, गुळगुळीत चकचकीत भागावर ती चुकते. आणि काचेच्या बाहेरून ती मारू नका, तिला काचेचंच तापमान दिसतं.

आता हा आकडा फिलामेंटच्या कुठल्या आकड्याशी ताडून बघायचा? इथे बहुतेकांची गफलत होते. रिळावर लिहिलेलं 210 किंवा 240 अंश हे नोझलचं तापमान असतं, वितळवून काढण्यासाठीचं. त्याचा इथे काही उपयोग नाही. प्लास्टिक वितळण्याच्या कितीतरी आधी मऊ पडतं. पीएलए साधारण 55 ते 60 अंशांना मऊ पडायला लागतं, पीईटीजी 75 ते 80 ला, एबीएस आणि एएसए 100 च्या आसपास. माझ्या गाडीतले 76, 59 आणि 53 या आकड्यांशेजारी हे ठेवून पाहा. डॅशबोर्डवर पीएलए वाकणारच होतं, पीईटीजी नेमकं सीमेवर उभं राहतं, आणि एएसएला वीसेक अंशांची मोकळीक मिळते.

पण मऊ पडण्याचं तापमान म्हणजे त्याच्या एक अंश खाली सगळं ठीक, असं नसतं. भार किती आहे यावर बरंच ठरतं. कंपन्यांच्या माहितीपत्रकात एचडीटी नावाची ओळ असते. ठरावीक भार ठेवून पट्टी गरम करत नेली तर ती कुठल्या तापमानाला ठरावीक इतकी वाकते, ते ती ओळ सांगते. हा आकडा बऱ्याचदा दोन भारांना दिलेला असतो, 0.45 मेगापास्कल आणि 1.8 मेगापास्कल. 0.45 म्हणजे ढोबळ मानाने एका चौरस सेंटीमीटरवर साडेचार किलोचा ताण. जाहिरातीत मोठा दिसणारा आकडा हलक्या भाराचा असतो. तुमच्या होल्डरला कुठला लागू पडतो हे पाहायचं तर थोडं गणित करावं लागतं, पण ते सोपं आहे.

समजा कव्हरसकट फोन 230 ग्रॅमचा आहे आणि होल्डरचा हात बुडापासून 40 मिलिमीटर पुढे आलेला आहे. हाताची रुंदी 20 मिलिमीटर, जाडी 5. फोनचं वजन साधारण 2.26 न्यूटन, गुणिले 40, म्हणजे बुडाशी 90 न्यूटन-मिलिमीटरचा वाकवणारा जोर. अशा आयताकृती हाताची ताकद रुंदी गुणिले जाडीचा वर्ग भागिले 6, म्हणजे 83. नव्वदला 83 ने भागलं की पृष्ठभागावर सुमारे 1.1 मेगापास्कल ताण येतो. म्हणजे माहितीपत्रकातल्या दोन भारांच्या मधोमध. आता जाडी 5 ऐवजी 8 करा. जाडीचा वर्ग असल्यामुळे 83 चे 213 होतात आणि ताण 0.42 वर येतो. तीन मिलिमीटर प्लास्टिक वाढवलं आणि ताण अडीच पटीहून जास्त उतरला. फिलामेंट बदलण्याआधी हा बदल करून बघा, कारण तो जवळपास फुकट आहे. अर्थात खड्ड्यातून गाडी गेली की हा भार सहज दुप्पट होतो, त्यामुळे हिशोब काठावर बसवू नका.

तुम्ही म्हणाल, गाडी उभी असताना फोन तर खिशात असतो, मग भार कुठून आला? बरोबर आहे, आणि फोन आत ठेवूही नये, त्याच्या बॅटरीला ही उष्णता मुळीच सोसत नाही. पण दोन वेळा अशा आहेत की होल्डरवर खरा ताण येतो. एक म्हणजे संध्याकाळी गाडीत बसल्यावरची पहिली दहा मिनिटं. प्लास्टिक अजून तापलेलं असतं, एसी नुकताच सुरू झालेला असतो, आपण फोन अडकवतो आणि पार्किंगच्या गतिरोधकावरून गाडी काढतो. त्या दहा मिनिटांत आधीच मऊ झालेला हात रोज थोडाथोडा झुकतो. म्हणून मी लोकांना सांगते, दारं उघडून हवा जाऊ द्या, दोन-चार मिनिटं एसी चालू द्या, मग फोन लावा.

दुसरी वेळ जास्त फसवी आहे, कारण ती दिवसभर चालू असते. होल्डरचे काही भाग रिकामे असतानाही ताणलेलेच राहतात. जाळीच्या पातीला पकडणारी क्लिप, फोनचे जबडे आवळणारी प्लास्टिकची स्प्रिंग, बोल्टखाली आवळलेलं प्लास्टिक. हे भाग आठ-आठ तास उष्णतेत ताणलेले राहतात, आणि प्लास्टिक अशा वेळी हळूहळू ताण सोडून देतं. वितळत नाही, वाकलेलं दिसत नाही, फक्त पकड नाहीशी होते.

माझ्या मावसभावाचं उदाहरण सांगते. तो दांडिया बाजारात राहतो, गाडी दिवसभर त्याच्या दुकानासमोर उन्हात. त्याला एसीच्या जाळीवरचा होल्डर हवा होता. मी पीईटीजीमध्ये करून दिला, कारण जाळीवर 60 च्या आत तापमान असतं आणि पीईटीजी 75 पर्यंत टिकतं, असा माझा हिशोब. क्लिपचं तोंड 2 मिलिमीटरचं ठेवलं, जाळीची पाती 2.6 ची, म्हणजे क्लिप 0.6 ने ताणून पातीवर घट्ट बसेल. पहिल्या दिवशी इतकी घट्ट बसली की काढताना पाती मोडेल अशी भीती वाटली. दोन आठवड्यांनी त्याचा फोन आला, "ताई, खड्ड्यात गाडी गेली की होल्डर माझ्या मांडीवर पडतो." होल्डर परत आणून पाहिला. कुठेही वाकलेला नाही, कुठे तडा नाही, रंगही तसाच. कॅलिपर लावला तर क्लिपचं तोंड 2 चं 2.5 झालेलं. सुटी क्लिप टेबलावर रात्रभर ठेवली, तरी 2.5 च. जवळपास सगळा ताण तिने सोडून दिला होता. तापमान मऊ पडण्याच्या कितीतरी खाली होतं, तरी सतत ताण आणि रोजची उष्णता एवढं त्याला पुरलं.

मग मी फिलामेंट बदललं नाही, रचना बदलली. पातीच्या मागे अडकणारा आकडा वेगळा प्रिंट केला. त्यातून एम4 चा बोल्ट पुढे काढला आणि पुढून नट फिरवून होल्डर जाळीवर आवळला, बाजारातल्या बऱ्याच होल्डरना असतो तसा. बोल्टच्या डोक्याखाली आणि नटाखाली रुंद वायसर घातला, म्हणजे दाब मोठ्या क्षेत्रावर पसरतो. जबडे आवळायला प्लास्टिकची स्प्रिंग काढून दोन रुपयांची स्टीलची स्प्रिंग बसवली. आता प्लास्टिकवर फक्त दाबाचा भार राहिला, तोही पसरलेला. ताणून धरायचं काम धातूने घेतलं. तो होल्डर पीईटीजीचाच आहे आणि अजून त्याच्या गाडीत आहे. पहिल्या महिन्यात नट दोनदा थोडा आवळावा लागला, नंतर नाही.

म्हणून तुमच्या बाबतीत मी असं ठरवेन. डॅशबोर्डचा हट्ट नसेल, जाळीवर चालत असेल, आणि तिथे मोजलेलं तापमान 60 च्या आत येत असेल, तर पीईटीजी घ्या, हात 8 मिलिमीटरचा करा, क्लिप आणि स्प्रिंगच्या जागी बोल्ट आणि स्टीलची स्प्रिंग वापरा. तुमच्या उघड्या प्रिंटरवर हे काम निवांत होईल. नोझल 240, बेड 80, पंखा 30 ते 50 टक्के. फक्त गुळगुळीत पीईआयवर किंवा काचेवर पीईटीजी इतकं घट्ट चिकटतं की पृष्ठभागाचा तुकडा घेऊनच सुटतं, तेव्हा आधी गोंदकांडीचा हलका थर द्या. आणि मोजलेला आकडा 65 च्या वर गेला तर वाद घालत बसू नका, एएसएकडे वळा.

एबीएस का नको? उष्णतेत दोन्ही जवळपास सारखी आहेत आणि एबीएस स्वस्त पडतं. फरक उन्हाचा आहे. एबीएसमधलं रबर उन्हातल्या अतिनील किरणांनी खराब होतं, पृष्ठभाग पिवळा आणि ठिसूळ होत जातो. एएसएमध्ये त्या जागी अ‍ॅक्रिलिक जातीचं रबर असतं, ते टिकतं. समोरची काच दोन थरांमध्ये प्लास्टिकची फिल्म घालून केलेली असते आणि ती बरेच अतिनील किरण अडवते, त्यामुळे नेमकं तिच्या मागे एबीएसही बराच काळ निभावेल. पण बाजूच्या काचा साध्या टफन काचा असतात, त्या तितकं अडवत नाहीत. त्रास दोन्ही छापताना सारखाच आहे, मग थोडे पैसे जास्त देऊन एएसए घेतलेलं बरं.

आता तो त्रास. लोक म्हणतात तितका तो गूढ नाही. एएसए थंड होताना साधारण अर्धा टक्का आकुंचन पावतं. खालचा थर बेडला धरून बसलेला, वरचे थर आकसणारे, त्यामुळे कोपरे उचलले जातात किंवा मधेच आडवी चीर पडते. हे सगळं गरम आणि थंड यांतल्या फरकामुळे होतं. पंख्याच्या खोलीत फरक मोठा, बंद पेटीत लहान. म्हणून पेटी हवीच, पण ती विकतचीच हवी असं काही नाही.

त्याआधी एक गोष्ट तपासा. तुमच्या प्रिंटरच्या हॉटएंडमध्ये पांढरी टेफ्लॉनची नळी थेट नोझलला टेकलेली आहे का? असेल तर 240 च्या वर जाऊ नका, ती नळी खराब होते आणि तिच्यातून निघणारा धूर घातक असतो. अनेक कंपन्यांचं एएसए 240 ला नीट निघतं, फक्त गती कमी ठेवावी लागते. थरांची पकड कमी वाटली तर पूर्ण धातूचा हॉटएंड बसवा, तापमान मात्र तोपर्यंत वाढवू नका.

पेटीसाठी मी सुरुवातीला जाड पुठ्ठ्याचा मोठा खोका वापरला. पुढची बाजू कापून तिथे पारदर्शक प्लास्टिक लावलं, म्हणजे आत दिसतं. प्रिंटरचा पॉवर सप्लाय खोक्याच्या बाहेर हवा. तो फ्रेमलाच जोडलेला असेल तर स्क्रू काढून वायर पुरेल तितका बाहेर घ्या, आणि वायर वाढवायची वेळ आली तर ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. पुठ्ठा जळतो, म्हणून प्रिंट चालू असताना घरात राहा, झोपायला जाऊ नका. हे मी दर वेळी सांगते आणि दर वेळी लोक रात्री प्रिंट लावतात. कृपा करून लावू नका. एएसएला स्टायरीनचा वास येतो, तेव्हा प्रिंटर खिडकीपाशी ठेवा, मुलं झोपतात त्या खोलीत अजिबात नको.

खोका घातल्यावर सगळ्यात जास्त फायदा आत आधी गरम करून घेण्याचा होतो. बेड 100 ला नेऊन वीस मिनिटं तसाच ठेवला की आतली हवा 45 अंशांच्या आसपास येते, आणि एवढ्या छोट्या वस्तूला ती पुरते. विसरू नये म्हणून मी हे स्लायसरच्या सुरुवातीच्या जी-कोडमध्येच घालते. मार्लिन फर्मवेअर असेल तर या ओळी चालतात:

```
M107
M190 S100
G4 S1200
M109 S240
```

पहिली ओळ पंखा बंद करते, दुसरी बेड 100 होईपर्यंत थांबते, तिसरी 1200 सेकंद म्हणजे वीस मिनिटं वाट पाहते, आणि मग नोझल गरम होते. नोझल शेवटी ठेवण्याचं कारण एवढंच की आतलं फिलामेंट वीस मिनिटं उगाच शिजत बसू नये.

स्लायसरमध्ये पंखा शून्यावर ठेवा, फक्त लोंबत्या भागांना 10-15 टक्के. भिंती चार, इनफिल 25 टक्के. घट्ट व्हावं म्हणून लोक इनफिल शंभर टक्के करतात. एएसएमध्ये ते उलटं पडतं, जितकं भरीव तितकं आकुंचन जास्त आणि कोपरा उचलण्याची ओढ जास्त. वाकण्याला विरोध बाहेरचा थरच करतो, म्हणून भिंती वाढवणं फायद्याचं. कडेने 6 ते 8 मिलिमीटरची ब्रिम द्या. डिझाइनमध्ये खालचे टोकदार कोपरे गोल करा. आणि हात उभा छापू नका, आडवा झोपवून छापा, म्हणजे धागे हाताच्या लांबीच्या दिशेने जातात. उभा छापला तर बुडाशी थर एकमेकांपासून सुटतात आणि पहिल्याच धक्क्याला हात हातात येतो. फोन बसायच्या खोबणीत अर्धा मिलिमीटर जास्त जागा सोडा, 80 मिलिमीटरचं माप आकसून 79.6 च्या आसपास येतं.

चुकतंय हे कसं ओळखायचं? पहिल्या अर्ध्या तासात टॉर्च मारून कोपरे बघा. ब्रिमच्या कडेखाली सावली दिसली की कोपरा सुटायला लागला आहे, तिथेच थांबवा आणि बेड स्पिरिटने पुसून पुन्हा सुरू करा. प्रिंट दोन सेंटीमीटर वर गेल्यावर "टक्" असा आवाज आला तर थरांमध्ये चीर पडली समजा, ती बाजूने आडव्या केसासारखी दिसते. कारण बहुतेक वेळा खोक्यातली फट किंवा वरचा सीलिंग फॅन असतं. प्रिंट संपल्यावर उत्साहाने खोका उचलू नका. बेड 50 च्या खाली येईपर्यंत तसंच राहू द्या. नीट छापलेला तुकडा शेवटच्या पाच मिनिटांत तडकलेला मी पाहिला आहे.

बाकीच्या पर्यायांबद्दल थोडक्यात. "पीएलए प्लस" ठिसूळपणा कमी करतं, उष्णतेला फारसा फरक पडत नाही, या कामाला नको. कार्बन फायबर घातलेलं पीईटीजी कडक लागतं म्हणून लोक फसतात. फायबरने ताठपणा वाढतो, पण मूळ प्लास्टिक मऊ पडतं ते जवळपास त्याच तापमानाला, शिवाय पितळी नोझल झिजते. पीएलए ओव्हनमध्ये भाजून उष्णतेला टिकाऊ करता येतं, पण ते करताना आडवं आकसतं आणि उंचीला वाढतं, बोल्टची भोकं आणि फोनची खोबण मापात राहत नाहीत. नायलॉन पावसाळ्यात हवेतलं पाणी पिऊन लवचिक होतं, ताठ हाताला ते उपयोगी नाही. पॉलिकार्बोनेट उष्णतेत या सगळ्यांच्या वर आहे, पण ते तुमच्या उघड्या प्रिंटरवर आणि टेफ्लॉनच्या नळीवर होणारं काम नाही.

रंगाचं एक सांगायचं राहिलं. काळा होल्डर उन्हात शेजारच्या पांढऱ्यापेक्षा स्पष्टपणे जास्त तापतो. पण डॅशबोर्डवर पांढरी वस्तू ठेवली की दुपारी तिचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं आणि गाडी चालवताना डोळ्यांना खुपतं. म्हणून डॅशबोर्डसाठी मी फिका राखाडी वापरते, जाळीवरच्या होल्डरला पांढराही चालतो. डॅशबोर्डवर चिकटवायचाच असेल तर साधी फोमची दुहेरी टेप उन्हात सोडते, अ‍ॅक्रिलिक फोमची टेप घ्या, जागा स्पिरिटने पुसून लावा आणि एक दिवस त्यावर भार देऊ नका.

होल्डर तयार झाल्यावर लगेच फोन अडकवू नका. हाताच्या बाजूला, बुडापासून टोकापर्यंत, पट्टीने बारीक पेनाची सरळ रेघ मारा आणि जबड्यांमधलं अंतर कॅलिपरने मोजून लिहून ठेवा. मग फोनऐवजी तितक्याच वजनाची वस्तू, मी 250 ग्रॅमची डाळीची पिशवी वापरते, होल्डरमध्ये अडकवून गाडी तीन दुपारी नेहमीच्या जागी उन्हात उभी करा. चौथ्या दिवशी होल्डर काढून रेघेला पट्टी लावा. टोकाशी एक मिलिमीटरपर्यंत फरक असेल तर मी तो होल्डर वापरायला देते. दोनच्या वर गेला तर हात जाड करा किंवा फिलामेंट बदला. रेघ सरळ आहे पण जबड्यांचं अंतर वाढलं आहे, असं दिसलं तर दोष फिलामेंटचा नाही, आवळणारा भाग अजून प्लास्टिकवरच टेकलेला आहे, तो शोधून तिथे धातू घाला.